त्रिज्येचा चौथा घात येतो कुठून?

काचेची एक बारीक नळी घ्या, आतला व्यास १ मिलिमीटर. दोन्ही टोकांमधल्या दाबाच्या फरकामुळे तिच्यातून पाणी वाहतंय. आता तेवढ्याच लांबीची, पण २ मिलिमीटर व्यासाची नळी लावली आणि दाबातला फरक तोच ठेवला, तर पाणी किती वाढेल? छेदाचं क्षेत्रफळ चौपट झालं, म्हणून पाणीही चौपट, असं पटकन मनात येतं. पुस्तकातलं सूत्र मात्र सोळापट म्हणतं.

हे सूत्र आधी मोजमापातून आलं, गणितातून नंतर. जर्मन अभियंता हागेन याने पितळेच्या नळ्यांवरची मोजमापं १८३९ साली छापली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये प्वाझई नावाचा डॉक्टर काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी ढकलून बघत होता. त्याला खरं कुतूहल होतं ते रक्त बारीक वाहिन्यांतून कसं जातं याचं. दोघांनाही मोजमापांतून एकच गोष्ट दिसली: प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या प्रमाणात घटतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. हा चौथा घात का, ते मात्र दोघांच्या आकड्यांत कुठेच नव्हतं. ते काढायला न्यूटनचा चिकटपणाचा नियम, बळांचा एक साधा ताळेबंद आणि बारावीतलं इंटिग्रेशन पुरतं.

आधी अटी ठरवू

नळी सरळ, गोल आणि आडवी आहे. द्रव दाबून आकसत नाही आणि प्रवाह वेळेनुसार बदलत नाही. प्रवाह लॅमिनार आहे, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून सरकतात, त्यांची घुसळण होत नाही. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची अट: प्रवाह पूर्ण विकसित आहे.

या शेवटच्या अटीवरून परीक्षेत बरेच जण नुसते पुढे जातात. तिचा अर्थ एवढाच, की नळीच्या या छेदावर वेगाची जी आकृती आहे, तीच पुढच्या प्रत्येक छेदावर आहे. मध्यापासून r अंतरावर द्रवाचा जो वेग u आहे, तो नळीत कितीही पुढे गेलं तरी तसाच राहतो. म्हणजे u फक्त r वर अवलंबून आहे, लांबीवर नाही.

आता नळीतल्या पाण्याच्या एका कणाबरोबर प्रवास करून बघा. तो मध्यापासून जेवढा लांब आहे, तेवढाच लांब राहतो. आडवा कुठे सरकत नाही, कारण सगळ्या कणांचे वेग जसेच्या तसे राहिल्यावर आडवं सरकायला जागाच उरत नाही. त्याचा वेगही बदलत नाही. वेग बदलत नाही म्हणजे त्वरण शून्य, आणि त्वरण शून्य म्हणजे त्याच्यावरच्या बळांची बेरीज शून्य. पाणी वाहतंय खरं, पण हिशोबापुरतं ते स्थिर वस्तूसारखं वागतं. द्रवगतीची समीकरणं ज्यामुळे बदनाम आहेत ती त्वरणाची अवघड पदं इथे गळून पडतात, आणि म्हणूनच हे गणित कागदाच्या एका पानात बसतं.

बळांचा ताळेबंद

नळीची त्रिज्या R आणि लांबी L धरू. दोन टोकांमधल्या दाबाचा फरक Δp. नळीच्या मधोमध, तिच्याच अक्षावर, r त्रिज्येचा पाण्याचा एक दंडगोल कल्पनेने कापून घ्या. r हा R पेक्षा लहान, म्हणजे हा दंडगोल भिंतीला लागलेला नाही. त्याच्या सगळ्या बाजूंनी पाणीच आहे.

या दंडगोलाला पुढे ढकलतो तो दाब. मागच्या तोंडावर जास्त, पुढच्या तोंडावर कमी. फरक Δp, तोंडाचं क्षेत्रफळ πr², म्हणून ढकलणारं बळ Δp·πr². मागे ओढतं ते बाहेरचं पाणी, कारण ते या दंडगोलापेक्षा सावकाश चाललंय आणि त्याच्या अंगाला घासतंय. या घासण्याचं दर चौरस मीटरमागचं बळ म्हणजे शिअर स्ट्रेस, τ. ते दंडगोलाच्या बाजूच्या पृष्ठभागावर लागतं, आणि त्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ 2πrL. त्वरण नाही, म्हणून दोन्ही बळं सारखी:

Δp · πr² = τ · 2πrL

τ = Δp · r / (2L)

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण चिकटपणाचा अजून उल्लेखही झालेला नाही. द्रव पाणी आहे, मध आहे की टूथपेस्ट, हे आपण विचारलंच नाही, तरी एक पक्की गोष्ट हाती आली. शिअर स्ट्रेस अक्षावर शून्य असतो, भिंतीकडे जाताना सरळ रेषेत वाढतो आणि भिंतीवर सर्वांत जास्त, ΔpR/(2L), इतका होतो. कारणही सरळ आहे: ढकलणारं बळ r च्या वर्गाने वाढतं, अडवणारा पृष्ठभाग नुसत्या r ने. मोठ्या दंडगोलाला आवरायचं तर दर चौरस मीटरमागे जास्त घर्षण लागणारच.

दाब लांबीबरोबर एकसारखा उतरतो हे मी गृहीत धरलं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तरही वरच्याच अटीत आहे. प्रत्येक छेदावर वेगाची आकृती तीच, म्हणून घर्षणही तेच. मग नळीच्या प्रत्येक सेंटिमीटरला ते घर्षण भागवायला दाबही तेवढाच खर्च होणार. सरळ नळीत पूर्ण विकसित प्रवाहाचा दाब वाकड्या रेषेत उतरूच शकत नाही.

आता पॅराबोला

इथे द्रवाचा स्वभाव येतो. पाणी, ग्लिसरीन, तेल यांच्यासारख्या द्रवांसाठी न्यूटनचा नियम असा: शेजारच्या थरांच्या वेगातला फरक जितका तीव्र, तितका शिअर स्ट्रेस मोठा. दोघांना जोडणारा स्थिरांक म्हणजे व्हिस्कॉसिटी, μ.

τ = −μ · du/dr

उणे चिन्ह का, तर मध्याकडून भिंतीकडे जाताना वेग कमी होतो, म्हणजे du/dr उणे आहे, आणि आपण τ धन मोजला. चिन्हाचा घोळ होतो तो इथेच. तो झाला की शेवटी पाणी उलट्या दिशेने वाहतंय असं उत्तर येतं, त्यामुळे निदान लगेच कळतं तरी.

दोन्ही τ सारखे लिहिले की:

du/dr = −Δp · r / (2μL)

या ओळीत पॅराबोला आधीच दिसतो. वेगाच्या आलेखाचा उतार r च्या प्रमाणात आहे: मध्यावर शून्य, म्हणजे आलेख तिथे सपाट, आणि भिंतीकडे एकसारखा तीव्र होत जाणारा. ज्या वक्राचा उतार अंतराच्या प्रमाणात वाढतो, तो पॅराबोलाच. इंटिग्रेशन करायचं ते फक्त आकड्यांसाठी:

u = C − Δp · r² / (4μL)

C काढायला एक माहिती लागते: भिंतीला लागून असलेलं पाणी भिंतीला चिकटून असतं, त्याचा वेग शून्य. म्हणजे r = R असताना u = 0. त्यावरून

u = (Δp / 4μL) · (R² − r²)

मध्यावरचा सर्वांत जास्त वेग ΔpR²/(4μL). हा झाला वेगाचा पॅराबोला.

भिंतीवर वेग शून्य, हे आज आपण एका ओळीत लिहून मोकळे होतो, पण तेव्हा ते उघड नव्हतं. स्टोक्ससारख्या मोठ्या गणितज्ञाने १८४५ साली हे गणित करून बघितलं, भिंतीवर शून्य वेग धरून सरळ नळीतला प्रवाह काढला आणि बॉसू व द्युब्वा यांच्या नळ्यांवरच्या जुन्या मोजमापांशी ताडून पाहिला. आकडे अजिबात जुळले नाहीत. भिंतीवर पाणी खरंच थांबतं का, अशी शंका त्यालाच यायला लागली. खरी गडबड वेगळीच होती. त्या मोठ्या नळ्यांतला प्रवाह लॅमिनार नव्हताच, त्यात घुसळण होती. त्याच सुमारास प्वाझईच्या बारीक नळ्यांची मोजमापं त्याच गणिताशी जुळणारी होती. सूत्राची गणिती सिद्धता आणि प्वाझईचे आकडे एकत्र मांडले ते स्विस भौतिकशास्त्रज्ञ हागेनबाखने, १८६० साली. हागेन आणि हागेनबाख ही दोन वेगवेगळी माणसं, हे मुद्दाम सांगतो, कारण नावं सारखी असल्याने बरेच जण गोंधळतात.

एकूण किती पाणी

प्रत्येक ठिकाणचा वेग कळला. आता छेदातून सेकंदाला एकूण किती पाणी जातं ते काढायचं, म्हणजे प्रवाह Q. छेदाला कांद्याच्या चकतीसारखं कड्यांमध्ये विभागा. r त्रिज्येच्या, dr जाडीच्या कड्याचं क्षेत्रफळ 2πr·dr. त्यातून जाणारं पाणी म्हणजे वेग गुणिले हे क्षेत्रफळ. सगळ्या कड्या मिळवल्या की:

Q = ∫ u · 2πr dr (r: 0 ते R)

Q = (πΔp / 2μL) · ∫ (R²r − r³) dr

Q = (πΔp / 2μL) · (R⁴/2 − R⁴/4)

Q = πΔpR⁴ / (8μL)

सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो. त्रिज्येचे दोन घात येतात छेदाच्या क्षेत्रफळातून. तेच आपल्याला पहिल्यांदा सुचले होते. उरलेले दोन वेगातून येतात. रुंद नळीत मध्यावरचं पाणी भिंतीपासून जास्त लांब असतं, त्याला भिंतीची जाच कमी, म्हणून तोच दाब त्याला जास्त वेग देतो, आणि तोही त्रिज्येच्या वर्गाने. दोन आणि दोन, चार.

Q ला πR² ने भागलं की सरासरी वेग येतो, ΔpR²/(8μL). म्हणजे मध्यावरच्या वेगाच्या बरोबर निम्मा. इथे एक चूक वर्षानुवर्षं होत आलेली आहे. आलेख बघून कुणी u ची सरासरी r वर सरळ काढतं आणि दोन तृतीयांश असं उत्तर देतं. ते दोन सपाट प्लेटांमधल्या प्रवाहासाठी बरोबर आहे. गोल नळीत बाहेरच्या कड्या मोठ्या असतात आणि त्यात पाणी सावकाश चालतं, म्हणून सरासरी आणखी खाली येते. इंटिग्रेशनमधला तो 2πr विसरला की हीच चूक हाती लागते.

बाहेरच्या कड्या किती कमी काम करतात याचा अंदाज घ्यायला एक सोपं सूत्र निघतं: r च्या बाहेरून जाणारा हिस्सा (1 − r²/R²)² इतका. अर्ध्या त्रिज्येच्या आत छेदाचा फक्त चौथा भाग आहे, पण त्यातून जवळपास ४४ टक्के पाणी जातं. उलट, त्रिज्येच्या भिंतीलगतच्या शेवटच्या दहाव्या हिश्श्यात छेदाचे १९ टक्के क्षेत्रफळ आहे आणि तिथून पाणी जातं ते जेमतेम ३.६ टक्के. भिंतीलगतचं पाणी जवळपास बघ्याचंच काम करतं.

आकडे घालून बघू

नळी ३० सेंटिमीटर लांब, आतला व्यास १ मिलिमीटर. पाणी २० अंश सेल्सिअसला, व्हिस्कॉसिटी ०.००१ पास्कल-सेकंद. वरच्या भांड्यातल्या पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा २० सेंटिमीटर उंच. म्हणजे Δp = 1000 × 9.81 × 0.2, सुमारे १९६२ पास्कल. सूत्रात घातलं की Q येतो 1.6 × 10⁻⁷ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ९.६ मिलिलिटर. सरासरी वेग सेकंदाला २० सेंटिमीटर, मध्यावर ४० सेंटिमीटर.

उत्तर आलं म्हणून संपत नाही. अटी पाळल्या गेल्या का ते तपासावं लागतं. रेनॉल्ड्स क्रमांक म्हणजे घनता × वेग × व्यास ÷ व्हिस्कॉसिटी, इथे तो सुमारे २०४ येतो. गोल नळीत साधारण २३०० च्या खाली प्रवाह लॅमिनार राहतो, म्हणून इथे निर्धास्त. पूर्ण विकसित व्हायला किती अंतर लागतं? तोंडाशी पाणी सगळीकडे जवळपास एकाच वेगाने शिरतं. भिंतीपासून सुरू झालेला मंदावण्याचा परिणाम हळूहळू मध्यापर्यंत पोचतो, तोवर मध्यातलं पाणी आणखी वेग घेत असतं. यासाठी लागणारं अंतर साधारण 0.06 × रेनॉल्ड्स क्रमांक × व्यास. आपल्या नळीत ते १२ मिलिमीटर येतं, ३० सेंटिमीटरपुढे किरकोळ.

किरकोळ असलं तरी शून्य नाही. भांड्यात जवळपास स्थिर असलेल्या पाण्याला तोंडाशी वेग द्यावा लागतो, आणि तो वेग देण्यात दाबाचा काही भाग खर्च होतो. पॅराबोला आकृतीसाठी हा खर्च घनता × सरासरी वेगाचा वर्ग इतका येतो, आणि तोंडाशी जास्तीचं घर्षण धरून तो साधारण १.२ पट होतो. आपल्या नळीत तो ५० पास्कल, १९६२ मधले. म्हणून प्रत्यक्षात मिनिटाला ९.६ ऐवजी ९.४ मिलिलिटरच्या आसपास येईल. हीच दुरुस्ती हागेनबाखच्या नावाने ओळखली जाते.

प्रयोग करून बघायचा असेल तर दोन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. पहिली, नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडालेलं हवं. हवेत उघडं ठेवलं तर टोकाला थेंब लोंबतो आणि पृष्ठताणामुळे त्याच्या आतला दाब काही दहा पास्कलनी जास्त असतो. १९६२ पास्कलच्या हिशोबात ते दिसून येतं. दुसरी गोष्ट तापमान. ३० अंशाला पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.०००८ पास्कल-सेकंदावर उतरते, म्हणजे तीच नळी, तीच उंची आणि पाणी २५ टक्के जास्त. मे महिन्यात केलेला प्रयोग जानेवारीच्या आकड्यांशी ताडला तर पहिला संशय तापमानावर घ्यावा.

व्यास मोजण्यातली चूक मात्र सर्वांत महाग पडते. चौथा घात तिथे उलटा अंगावर येतो: व्यासात २ टक्के चूक, की प्रवाहात ८ टक्के. नळीच्या तोंडाला पट्टी लावून १ मिलिमीटर म्हणणं भागत नाही. जुनी, भरवशाची पद्धत अशी, की नळीत पाऱ्याचा एक लांब धागा भरायचा, त्याची लांबी मोजायची, मग तो पारा बाहेर काढून तोलायचा. वजन आणि घनतेवरून घनफळ, घनफळ आणि लांबीवरून सरासरी क्षेत्रफळ. (पारा आहे, हाताळताना बंद खोलीत खेळ नको.)

प्रवाह सूत्राप्रमाणे चालतोय की नाही, हे व्यास माहीत नसतानाही ओळखता येतं. उंची दुप्पट करा. पाणी दुप्पट झालं तर घर्षणच सगळा दाब खातंय, सूत्र चालू आहे. दुपटीपेक्षा स्पष्टपणे कमी आलं, तर एक तर वेग देण्याचा खर्च वाढलाय किंवा घुसळण सुरू झालीय. दाब आणि प्रवाह यांचा आलेख वाकायला कुठे लागतो, तिथे सूत्राची हद्द संपते.

आता २ मिलिमीटरच्या नळीकडे परत. उंची तीच २० सेंटिमीटर ठेवली तर सूत्राप्रमाणे सरासरी वेग चौपट, सेकंदाला ८२ सेंटिमीटर, आणि रेनॉल्ड्स क्रमांक १६०० च्या वर. लॅमिनार आहे, पण विकसित व्हायला जवळपास २० सेंटिमीटर लागतात, आणि नळी ३० सेंटिमीटरच. वेग देण्याचा खर्च धरून हिशोब केला तर सोळापट पाणी येत नाही, बारापटीच्या आसपास येतं. सूत्र चुकलं असं नाही. सूत्राला हव्या असलेल्या अटी त्या नळीत अर्ध्यामुर्ध्याच पाळल्या गेल्या. सोळापट मिळवायची असेल तर नळी खूप लांब करा, किंवा पाण्याऐवजी ग्लिसरीन मिसळलेलं जाडसर पाणी घ्या, म्हणजे वेग कमी राहील.

घरातल्या नळाला तर हे सूत्र लावूच नये. १५ मिलिमीटरच्या पाइपातून मिनिटाला १० लिटर पाणी घेतलं की रेनॉल्ड्स क्रमांक १४,००० च्या आसपास जातो. सूत्र दर मीटरला सुमारे १३५ पास्कल दाब उतरेल म्हणतं. घुसळणाऱ्या प्रवाहात गुळगुळीत पाइपलाही प्रत्यक्षात ८५० च्या घरात लागतात. स्टोक्सला अडवणारी तफावत हीच होती.

सलाईनची सुई

वैद्यकीय शिक्षणात हे सूत्र शिकवलं जातं ते सलाईनच्या सुईसाठी: जाड सुई लावा, व्यास दुप्पट तर प्रवाह सोळापट. डॉक्टरांचा व्यावहारिक निष्कर्ष अगदी बरोबर आहे. पण सूत्र तिथे नीट लागतं का, हे बघण्यासारखं आहे.

गुलाबी रंगाची, २० गेजची सुई घेऊ. आतला व्यास साधारण ०.८ मिलिमीटर, लांबी सुमारे ३२ मिलिमीटर. बाटली सुईपेक्षा एक मीटर उंच टांगली तर दाब ९८१० पास्कल. सूत्र सांगतं मिनिटाला १८५ मिलिलिटर. अशा सुयांच्या पाकिटावर छापलेला आकडा मात्र ६० च्या आसपास असतो.

तिपटीचा फरक आला कुठून? ६० मिलिलिटरला सुईतला सरासरी वेग सेकंदाला २ मीटर होतो. रेनॉल्ड्स क्रमांक १६००, म्हणजे प्रवाह लॅमिनार, पण विकसित व्हायला ७६ मिलिमीटर लागतात आणि सुई ३२ मिलिमीटरची. पॅराबोला पूर्ण होण्याआधीच सुई संपते. दाबाचा हिशोब मांडला तर सूत्रातलं घर्षण ३२०० पास्कलच्या आसपास खातं आणि पाण्याला वेग देण्यात, तोंडाशी जास्तीच्या घर्षणासकट, ४७५० च्या आसपास जातात. उरलेला दाब वरच्या प्लास्टिकच्या नळीत आणि जोडण्यांत. हे अंदाजाचे आकडे आहेत, पण मुख्य गोष्ट स्पष्ट आहे: या सुईत घर्षणापेक्षा वेग देण्याचाच खर्च जास्त आहे.

म्हणूनच पिशवीभोवती प्रेशर बॅग बांधून दाब दुप्पट केला, तर सलाईन दुप्पट वेगाने जात नाही. नुसत्या सुईचं वरचंच गणित दुप्पट दाबाला सोडवलं, तर दीडपटीच्या आसपास येतं. घाईच्या वेळी दाब वाढवण्यापेक्षा जाड सुई लावणं अधिक उपयोगी पडतं याचं एक कारण हे. अर्थात जाड सुईचा फायदाही सोळापटीचा नाही, त्यापेक्षा बराच कमी, कारण तिथे वेग देण्याचा खर्च आणखी वाढलेला असतो.

त्याच ०.८ मिलिमीटर व्यासाची नळी अर्धा मीटर लांब केली, की चित्र पुन्हा पालटतं. त्याच एक मीटर उंचीला प्रवाह मिनिटाला १२ मिलिलिटरच्या जवळ येतो, रेनॉल्ड्स क्रमांक ३०० च्या आसपास उतरतो, पॅराबोला १५ मिलिमीटरमध्ये पूर्ण होतो आणि वेग देण्याचा खर्च एकूण दाबाच्या २ टक्क्यांच्या आसपास राहतो. अशा लांब, बारीक नळीत सूत्रातलं उत्तर आणि मोजलेलं उत्तर जुळतं, आणि दाब दुप्पट केला की प्रवाहही जवळपास दुप्पटच होतो.